मांडीतलं गळू: शेक, चीर आणि गोळ्या

मार्च-एप्रिलमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात असतो. सकाळी सौद्यात उभं राहायचं, दुपारी दुकानात बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, मधल्या वेळात मोटारसायकलवरून गोदाम गाठायचं. अंगाला घाम आणि त्यावर हळदीची धूळ. अशाच दिवसांत माझ्या उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेच्या थोडं खाली, जिथं पँटची शिवण घासते तिथं एक पुळी आली. आधी हरभऱ्याएवढी, लाल आणि कडक. दोन दिवसांत ती सुपारीएवढी झाली आणि चालताना पाय फाकून चालावं लागायला लागलं. त्यातच जांघेत अवधाण आलं, म्हणजे तिथली गाठ सुजून दुखायला लागली.

गळू झालंय म्हटल्यावर प्रत्येकाकडं उपाय असतो. आईनं हळद-कांद्याचं पोटीस बांधायला सांगितलं. दुकानातले एक जुने हमाल म्हणाले, "दिवाणजी, दोन अंगठ्यानं दाबा की चांगलं. पू भाईर आला की जीव गार हुतोय. मी आजवर असंच केलंय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यांची गळवं तशीच बरी झाली असतील. पण माझ्या चुलतभावानं मानेवरचं गळू असंच दाबलं होतं, आणि दोन दिवसांत त्याची मान कानापर्यंत लालभडक सुजून त्याला मिरजेत दवाखान्यात ॲडमिट करून सलाईनमधून औषधं द्यावी लागली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळं हात न लावता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टरांनी आधी दोन बोटं गाठीच्या दोन कडांना ठेवली. एका बोटानं हलकं दाबलं की दुसऱ्या बोटाला आत पातळ काही हलल्याचं कळतं का, ते पाहिलं. तसं कळलं, वरची कातडी पातळ आणि चकचकीत झालेली असली, मध्ये पिवळं टोक दिसत असलं, तर पू जमलेला असतो. माझ्या गाठीत तसं काही नव्हतं, ती सगळीकडून सारखीच टणक होती. "अजून पिकलेलं नाही," ते म्हणाले. "आत्ता चीर दिली तर रक्त येईल, पू येणार नाही, आणि तुम्हाला नुसताच त्रास होईल."

मग दाबायचं का नाही, हे त्यांनी समजावलं. केसाच्या मुळात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचे जंतू शिरतात. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात ते कायम वस्तीला असतात आणि एरवी काही करत नाहीत. घामानं मऊ पडलेली, घासली गेलेली कातडी मिळाली की ते आत जातात. शरीर त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं, आणि मेलेल्या पेशी, मेलेले आणि जिवंत जंतू, विरघळलेलं मांस या सगळ्याचा पू होतो. त्याच वेळी शरीर त्या पुवाभोवती एक भिंत घालतं. गळवाची गाठ हाताला टणक लागते ती बरीचशी त्यामुळंच. ती भिंत जंतूंना जागच्या जागी अडवून ठेवते. अंगठ्यानं दाबल्यावर पू ज्या बाजूला वाट सोपी तिकडं जातो. वरची कातडी जाड आणि आतली भिंत कोवळी असली तर तो आतच फुटतो. बाहेर थोडं आलेलं आपल्याला दिसतं, आत किती गेलं ते दिसत नाही. मग जंतू कातडीखालच्या चरबीत पसरतात, लाली वाढत जाते, आणि कधी ते रक्तात शिरून हाडात, सांध्यात किंवा हृदयाच्या झडपेपर्यंत पोचतात. असं रोज होत नाही, पण कुणाचं होईल ते आधी सांगता येत नाही. सुईनं टोचून फोडण्याचंही तेच: भोक बारीक पडतं, पू पुरता निघत नाही, आणि सुईबरोबर नवे जंतू आत जातात.

त्यांनी घरी करायला एकच गोष्ट दिली: गरम पाण्याचा शेक. स्वच्छ सुती कापड मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि 10 ते 15 मिनिटं गाठीवर ठेवायचं. गार झालं की पुन्हा बुडवायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. त्यानं तिथला रक्तपुरवठा वाढतो. गळू लहान असेल तर जिरतं, नाहीतर लवकर पिकून तोंड धरतं. कापड दर वेळी धुवायचं आणि आधी-नंतर साबणानं हात धुवायचे. आपोआप फुटलं तर येणारा पू टिपून घ्यायचा, वर स्वच्छ गॉज ठेवायचा, आणखी काढायला म्हणून पिळायचं नाही. आईच्या पोटिसाबद्दलही मी विचारलं. ते म्हणाले, काम ऊबच करते, मग ती साध्या पाण्याचीच बरी. कांद्यानं कातडी चुरचुरते आणि हळदीनं सगळं पिवळं झालं की लाली किती पसरली ते आम्हाला कळत नाही. बिब्ब्याला मात्र त्यांनी सक्त मनाई केली. बिब्ब्याच्या तेलानं कातडी अक्षरशः भाजते आणि गळवाच्या जोडीला जळाल्याची जखम होते.

निघताना त्यांनी बॉलपेननं लालीच्या कडेनं मांडीवर एक रेघ ओढली. "लाली या रेघेबाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, किंवा ठणक्यानं रात्रीची झोप गेली तर सकाळची वाट बघू नका." मला ही रेघ फार मोलाची वाटली. रोज आपलंच दुखणं आपण बघत असलो की कालपेक्षा वाढलं का कमी झालं, याचा अंदाज भीतीनुसार बदलतो. रेघ बदलत नाही.

गोळ्या का देत नाही, असं मी विचारलं होतं. लहान गळू, आजूबाजूला पसरलेली लाली नाही, ताप नाही, एरवी तब्येत बरी, अशा वेळी अँटिबायोटिकची गरज बहुधा नसते, असं ते म्हणाले.

दोन रात्री ठीक गेल्या. नंतर मात्र ठणका सुरू झाला. नाडीच्या ठोक्याबरोबर मांडीत घण पडावा तसं दुखत होतं आणि कुशीवर वळता येत नव्हतं. सकाळी बायकोनं बघितलं तर लाली रेघेच्या बाहेर चांगली तीन बोटं गेलेली. गाठ मध्ये मऊ आणि चकचकीत. ताप 101. डॉक्टरांनी बघताच सर्जनकडं पाठवलं, कारण जागा जांघेजवळची होती आणि तिथून पायाची मोठी रक्तवाहिनी जाते. गुदद्वाराजवळ, स्तनावर, मानेवर, चेहऱ्याच्या मधोमध किंवा सांध्यावर आलेलं गळूसुद्धा त्यांनी स्वतः कापायचं नाही असं ठरवलेलं आहे.

सर्जननी चीर द्यायच्या आधी ज्या गोष्टी पाहिल्या त्या मला आधी माहीत नव्हत्या. गाठीवर बोट ठेवून ती ठोक्यागणिक उडते का ते तपासलं; जांघेतली उडणारी गाठ गळू नसून रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो, आणि त्यावर चाकू चालवणं जिवावर बेतू शकतं. मग आजूबाजूची कातडी चाचपून खाली बुडबुडे दाबल्यासारखं करकरतं का ते पाहिलं. तसं लागलं, कातडी काळी-जांभळी पडली, किंवा वरून दिसतं त्याच्या कितीतरी पट दुखत असलं, तर मांस सडवत तासागणिक पसरणारा जंतुसंसर्ग असतो आणि तेव्हा ताबडतोब मोठं ऑपरेशन करावं लागतं. मला त्यातलं काही नव्हतं. सोनोग्राफीत कातडीखाली साधारण साडेतीन सेंटिमीटरची पुवाची पोकळी दिसली.

आणि त्यांनी बोटाला टोचून साखर बघितली. 286 आली. मी 46 वर्षांचा, कधी साखर तपासलेली नाही, वडिलांना मधुमेह होता. ते म्हणाले, जंतुसंसर्गानंही साखर तात्पुरती चढते, म्हणून या एका आकड्यावरून काही ठरवायचं नाही. मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करू. ती दुसऱ्या दिवशी 9.1 आली. 6.5 आणि त्याच्या पुढं मधुमेह धरतात. म्हणजे गळवामुळं साखर चढली एवढंच नव्हतं, साखर आधीपासूनच वाढलेली होती. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशींची लढायची ताकद कमी पडते, त्यामुळं गळू वाढतं आणि लवकर पसरतं. उन्हाळ्यात आंबे खाल्ले की उष्णतेनं गळवं येतात, असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. आंब्यानं कुणाला गळू होत नाही. उन्हाळ्यात घाम आणि घासणं वाढतं. पण ज्याला मधुमेह आहे आणि ठाऊक नाही, त्याच्या साखरेला रोजचे चार आंबे नक्कीच चढवतात. पन्नाशीकडं आलेल्या माणसाला मोठं गळू झालं किंवा गळवं फिरून फिरून यायला लागली, तर साखर तपासल्याशिवाय राहू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

आता कापायची वेळ. मी विचारलं, "डॉक्टर, आता ताप आहे, तर नुसत्या भारी गोळ्यांनी नाही का जमणार?" त्यांचं उत्तर ऐकताना मला हरिपूरची पेवं आठवली. जमिनीखाली खोदलेल्या त्या पेवांत आमचे जुने लोक हळद साठवायचे, तोंड बंद केलं की आत हवासुद्धा जायची नाही. गळवाची पोकळी तशीच बंद असते. गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्तवाहिनी जिथवर जाते तिथवरच पोचते. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिनीच नसते. कडेनं थोडं औषध झिरपलं तरी आत जंतूंची गर्दी एवढी असते, पू इतका आम्लधर्मी असतो, की औषध लागू पडत नाही. नुसत्या गोळ्या घेत राहिलं तर पुष्कळदा ताप आणि लाली ओसरते, पू तसाच राहतो आणि भोवती जाड कवच धरून टणक गाठ महिना-महिना बसून राहते. म्हणून पू झाला असेल तर त्याला वाट करून द्यायची, आणि भिंतीबाहेर पसरलेल्या जंतूंसाठी गोळ्या. मला दोन्ही लागणार होतं.

बधिर करायचं इंजेक्शन दुखलं, हे खरं सांगतो. सुजलेल्या जागी आम्लता असल्यानं लिग्नोकेनचा असर कमी होतो, म्हणून ते थेट गाठीत न देता भोवतीच्या चांगल्या कातडीत गोल फिरवून दिलं. पाचेक मिनिटांनी चीर दिली. वेदना अशी नव्हती, नुसतं ओढल्यासारखं कळलं. पू सुटला आणि त्याच क्षणी कितीतरी तास चाललेला ठणका उतरला. मांडीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं हलकं झालं. पुवाचा थोडा नमुना त्यांनी कल्चरसाठी घेतला. मग चिमट्याचं बोथट टोक आत घालून पोकळीतले पडदे मोडले. मोठ्या गळवात असे कप्पे असतात. वरचा एकच कप्पा रिकामा झाला तर उरलेले आठवड्यानं पुन्हा डोकं वर काढतात. दाबून पू काढणाऱ्याला हे कधीच जमणार नाही, कारण बाहेरच्या दाबानं आतले पडदे मोडत नाहीत. शेवटी सलाईननं पोकळी धुतली आणि रक्त थांबावं म्हणून एका दिवसापुरती गॉजची पट्टी सैलसर ठेवली. टाका एकही घातला नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण मागचं कधी घेतलं ते मला आठवत नव्हतं.

जखम उघडी ठेवायची हे घरच्यांना पटेना. एवढं भोक दिसतंय आणि टाका नाही, म्हणून आई काळजीत होती. पण जखम तळापासून वर भरत आली पाहिजे. वरची कातडी आधी जुळली तर आत पुन्हा पोकळी आणि पुन्हा पू. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, त्यानंतर पट्टी भरायला सांगितलं नाही. अशा लहान पोकळीला तिची गरज नसते. रोज आंघोळीत साबण लावून नळाच्या पाण्याखाली जखम धुवायची, कोरडी टिपायची आणि वर गॉज. हे काम बायकोनं केलं. तिला सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं की जखमेत हळद, पावडर, स्पिरिट, डेटॉल काही घालायचं नाही. नव्यानं येणारं लालसर कोवळं मांस त्यानं जळतं किंवा अडतं. हळदीच्या पोत्यांवर आमचं घर चालतं, तरी मी ते तंतोतंत पाळायला लावलं. रोज बघायचं ते एवढंच: पाझर कमी होतोय का, लाली रेघेच्या आत येतेय का, ताप गेला का. दोन दिवसांत ताप गेला, लाली मागं सरली. आठवड्यानं पाझर जवळजवळ थांबला आणि जखम पुरी भरायला तीनेक आठवडे गेले. साखरेचं औषध सोबत सुरू झालं होतं. ते नसतं तर वेळ आणखी लागला असता.

गोळ्यांचं थोडं सविस्तर लिहितो, कारण गोंधळ तिथंच जास्त आहे. सर्जननी मला सेफालेक्सिन लिहून दिली, 5 दिवस, दिवसातून चार वेळा. कारणं त्यांनी मोजून सांगितली: ताप, रेघेबाहेर पसरलेली लाली आणि मधुमेह. यातलं एकही नसतं तर चीर देऊन बहुतेक लोक बरे होतात. गोळ्यांचा काहीच फायदा नाही असं मात्र नाही. अमेरिकेत 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, चीर दिल्यावर सोबत गोळ्या घेतलेल्यांत सुमारे 80 टक्के आणि नुसती चीर दिलेल्यांत सुमारे 74 टक्के बरे झाले. म्हणजे मोठं काम चीर करते, गोळ्या थोडी भर घालतात, आणि त्या भरीसाठी जुलाब, ॲलर्जी, जंतू निर्ढावणं हे सोसायचं का, ते माणूस बघून ठरतं. लहान बाळ, वयस्कर माणूस, किमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेला, हृदयात कृत्रिम झडप असलेला, एकापेक्षा जास्त गळवं असलेला, यांना त्या द्याव्या लागतात. मधुमेह्यांच्या मानेवर-पाठीवर येणारी काळपुळी, जिला चाळणीसारखी अनेक तोंडं असतात, तिला तर गोळ्या आणि सर्जन दोन्ही लागतात.

कल्चरचा रिपोर्ट तीन दिवसांनी आला. जंतू तोच, स्टॅफिलोकोकस ऑरियस. पुढं औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एस किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे जुमानत नाही. पेनिसिलिनसमोर आर होता. एरिथ्रोमायसिनसमोरही आर होता. हा दुसरा आर मला महत्त्वाचा वाटला, कारण मेडिकलमध्ये जाऊन "गळवावर काहीतरी द्या" म्हटलं की पुष्कळदा अझिथ्रोमायसिनच्या 3 गोळ्या हातात पडतात, आणि एरिथ्रोमायसिनला न जुमानणारा जंतू सहसा अझिथ्रोमायसिनलाही जुमानत नाही. माझ्यावर त्या वाया गेल्या असत्या. सेफॉक्सिटिनसमोर एस होता. तिथं आर असता तर तो एमआरएसए नावाचा चिवट प्रकार ठरला असता, आणि मग सेफालेक्सिन बंद करून रिपोर्टमध्ये चालणारं औषध बघून कोट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिन द्यावं लागलं असतं. माझं औषध बरोबर बसलं होतं, तेच पुरं केलं.

महिनाभर माझा टॉवेल आणि दाढीचं सामान वेगळं ठेवलं, अंतर्वस्त्रं आणि चादरी गरम पाण्यातून काढल्या. घरात एकाला गळू झालं की हेच जंतू दुसऱ्यापर्यंत जातात. पुन्हा पुन्हा गळवं आली तर नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम 5 दिवस देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. माझ्यावर ती वेळ आलेली नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला त्याच हमालांच्या मुलाला वरच्या ओठावर, नाकपुडीच्या अगदी खाली पुळी आली. ओठ सुजून वर उचलला गेला होता आणि बाप ती दाबायच्या बेतात होता. मी त्यांना बसवून सांगितलं की बाकी कुठं नाही तरी इथं बोट लावू नका. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कडांपर्यंतच्या या त्रिकोणातल्या शिरा डोळ्याजवळून मेंदूच्या बुडाशी असलेल्या शिरांना जोडलेल्या असतात आणि त्यांतलं रक्त उलटंही जाऊ शकतं. पुळी दाबल्यानं जंतू त्या वाटेनं आत गेले तर तिथं गुठळी होऊ शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर डोळा किंवा जीव जाऊ शकतो. दोघं त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी चीर दिली नाही. चेहऱ्यावर या जागी शक्यतो कापत नाहीत. गोळ्या, शेक आणि दुसऱ्या दिवशी दाखवायला या, एवढंच. पापणी सुजली, डोकं फार दुखायला लागलं किंवा एकाची दोन दिसायला लागली तर रात्री कितीही वाजले असले तरी मोठ्या दवाखान्यात जायचं, हेही बजावलं. तसं काही झालं नाही. चार-पाच दिवसांत पुळी आपोआप फुटली आणि ओठ खाली बसला.